एकच वाक्य, तीन नवरे

"मी असं म्हणालोच नव्हतो." हे वाक्य कधीच ऐकू आलं नाही, असं घर शोधून सापडणार नाही. पूर्वी त्यावर "म्हणाला होतास", "नव्हतो", "होतास" असं चालायचं आणि शेवटी दोघांपैकी कुणीतरी कंटाळून चहा टाकायला उठायचं. आता त्यावर एक तयार उत्तर आलंय: "तू मला गॅसलाइट करतोयस." नवरा-बायकोच्या भांडणातून हा शब्द केव्हाच बाहेर पडला. "शुक्रवारची मुदत मी दिलीच नव्हती" असं मॅनेजर म्हणाला की गॅसलायटिंग. "लहानपणी तू काही कमी हट्टी नव्हतीस" असं आई म्हणाली की गॅसलायटिंग. निवडणुकीच्या दिवसांत तर प्रत्येक पक्ष अख्ख्या देशाला गॅसलाइट करत असतो. मेरियम-वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशाने २०२२ साली हाच ‘वर्षाचा शब्द’ ठरवला. त्या वर्षी त्यांच्या संकेतस्थळावर त्याचा अर्थ शोधणाऱ्यांचं प्रमाण १७४० टक्क्यांनी वाढलं होतं. निवड जाहीर करताना त्यांनी जो अर्थ पुढे केला तोही ऐसपैस होता: विशेषतः स्वतःच्या फायद्यासाठी दुसऱ्याची घोर दिशाभूल करणं. या मापात गोरं करणारी क्रीमसुद्धा बसते.

शब्द पसरतात आणि पसरताना सैलावतात, यात नवल नाही. मानसशास्त्रातले शब्द तर जास्तच. ‘ट्रॉमा’, ‘डिप्रेशन’, ‘ओसीडी’ यांचं काय झालं ते आपण पाहतोच. निक हॅस्लम या ऑस्ट्रेलियातल्या मानसशास्त्रज्ञाने २०१६ मध्ये या प्रकारावर एक गाजलेला लेख लिहिला. इजा आणि विकृती यांविषयीच्या संकल्पना हळूहळू सौम्य आणि वेगळ्याच गोष्टींनाही कवेत घेत जातात, असं त्याचं म्हणणं. त्यावर "बिघडलं काय?" असं कुणी विचारलं तर बहुतेक शब्दांच्या बाबतीत मी खांदे उडवीन. या शब्दाच्या बाबतीत मात्र नाही. गॅसलायटिंगच्या मूळ अर्थात एक विशिष्ट यंत्रणा आहे आणि तिला दुसरं नाव नाही. सैल वापरात नेमकी तीच निसटते. त्याचा भुर्दंड, जिच्यावर हा प्रयोग खरोखर चालू आहे, तिलाच पडतो.

ती यंत्रणा दिसावी म्हणून एक जोडपं कल्पू या. तिला वैशाली म्हणू, त्याला अजित. साताऱ्याला तिच्या वडिलांची पंच्याहत्तरी आहे. दोन दिवसांची रजा काढून येतो, असं अजितने महिन्यापूर्वी कबूल केलंय. आदल्या गुरुवारी तो म्हणतो, "मी येतो असं म्हणालोच नव्हतो. बघू म्हणालो होतो." वैशाली फोन काढते आणि त्याचाच मेसेज त्याच्यापुढे धरते: ‘दोन दिवस रजा टाकतो, बाबांना सांग.’

इथून पुढे तीन अजित संभवतात.

पहिल्या अजितला खरोखरच आठवत नाही. मेसेज पाहून तो चमकतो आणि "अरेच्चा, हे मी लिहिलं?" म्हणतो. किंवा चमकतही नाही, उलट अडून बसतो. पुराव्यापुढे अडून बसणं म्हणजे लबाडीच, असं आपण धरून चालतो. पण स्मरणशक्ती तशी चालत नाही. १९८६ साली चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर लगेच फुटलं, तेव्हा उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात, कुणी सांगितलं. अडीच-तीन वर्षांनी त्याच विद्यार्थ्यांना तेच प्रश्न विचारले. बऱ्याच जणांनी भलतीच हकीकत सांगितली, तीही छातीठोकपणे. मग त्यांना त्यांचे जुने कागद दाखवण्यात आले. तरीही हलली ती आठवण नाहीच. अक्षर माझंच आहे पण तसं घडलं नव्हतं, अशी प्रतिक्रिया त्यांतून निघाली. त्यांना कुणाला फसवायचं नव्हतं की त्यातून काही मिळवायचं नव्हतं. त्यामुळे "पुरावा दाखवला तरी मान्य करत नाही" एवढ्यावरून कुणाला गॅसलायटर ठरवता येत नाही. पहिला अजित हट्टी आहे, विसराळू आहे. पण त्याचं भांडण त्या एका गुरुवारच्या गोष्टीबद्दल आहे.

दुसऱ्या अजितला सगळं आठवतंय. त्याला मेहुण्याचं तोंड पाहायचं नाहीये, म्हणून तो सरळ खोटं बोलतोय. मेसेज दिसल्यावर तो ओशाळतो किंवा नवी थाप मारतो: तेव्हा रजा मिळणार होती, आता साहेबांनी अडवली. वैशालीने एकच चुकीची गोष्ट खरी मानावी, एवढीच त्याची गरज आहे. किंबहुना त्याच्या खोट्याला वैशालीची बुद्धी शाबूत लागते. समोरच्याचा तर्क नीट चालत असेल तरच थाप पचते, कारण आपण दिलेल्या चुकीच्या माहितीवरून तो आपल्याला हवा तो निष्कर्ष काढतो. खोटारडा माणूस समोरच्याच्या अकलेवर विसंबून असतो, हे ऐकायला विचित्र वाटतं पण तसंच आहे.

तिसरा अजित मेसेजकडे बघतसुद्धा नाही. तो वैशालीकडे बघतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "हे बघ, पुन्हा सुरू झालं तुझं. आता माझे जुने मेसेज काढून ठेवायला लागलीस? परवा गॅस चालू ठेवून गेलीस, मी काही बोललो नाही. आईलासुद्धा जाणवलंय. तुझी मावशी अशीच करायची ना सुरुवातीला?" या बोलण्यात साताऱ्याचा विषय कुठे राहिला? वैशालीने पुरावा दाखवला आणि तो दाखवणं हेच तिच्या बिघाडाचं लक्षण ठरलं. ती रडली तर लक्षण, चिडली तर लक्षण, गप्प बसली तर कबुली. रजेबद्दल तिने काय मानावं याच्याशी तिसऱ्या अजितला फारसं देणंघेणं नाही. काय खरं, काय खोटं हे ज्याच्या जोरावर ती ठरवते, तो तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा आणि आठवणीवरचा विश्वासच त्याला मोडायचा आहे. केट अ‍ॅब्रमसन या तत्त्वज्ञ बाईंनी २०१४ मध्ये यावर लिहिताना हे नेमकं पकडलं. गॅसलायटरला मतभेद जिंकायचा नसतो, मतभेद करू शकेल असं माणूसच समोर उरू नये असं त्याला वाटत असतं, असा त्यांच्या मांडणीचा मथितार्थ. हे तो ठरवून, वहीत मुद्दे काढून करतो असं नाही. बहुतेकदा त्याला फक्त एवढंच कळत असतं की बायकोने आपल्याला खोटं पाडलेलं आपल्याला सहन होत नाही.

एक खबरदारी इथेच घ्यायला हवी. चिडलेला पहिला अजितही एखाद्या दिवशी "तुझं डोकं फिरलंय" म्हणेल. एका वाक्यावरून काही ठरत नाही. महिनोन् महिने, वेगवेगळ्या विषयांवर, प्रत्येक मतभेद जर "तुझ्यातच काहीतरी बिघडलंय" याच स्टेशनावर येऊन थांबत असेल, तर ती वेगळी गोष्ट. मेहनतही लागते त्याला. माणूस एकदा खोटं बोलू शकतो, गॅसलायटिंग एकदा करता येत नाही.

हा शब्द ज्या नाटकातून आला त्यात ही मेहनत उघड दिसते. पॅट्रिक हॅमिल्टन या इंग्रज लेखकाचं ‘गॅस लाइट’ हे नाटक १९३८ सालचं, आणि जगभर माहीत झाला तो त्यावरचा १९४४ चा अमेरिकी चित्रपट, ज्यातल्या कामासाठी इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळालं. त्यातला नवरा बायकोला एक ब्रोच भेट देतो, "तू वस्तू हरवतेस हं" असं प्रेमाने बजावतो, तिच्यादेखत तो तिच्या पर्समध्ये ठेवतो आणि नंतर ब्रोच गायब. भिंतीवरचं चित्र नाहीसं होतं आणि ते तिनेच लपवलं असं ठरतं. लोकांमध्ये ती फारशी जाऊच नये याची तो काळजी घेतो. एकदा ती हट्टाने एका मैफलीला जाते, तर तिथे याचं घड्याळ तिच्याच पर्समधून निघतं. ती सगळ्यांसमोर कोसळते, आणि तो दुःखी, समजूतदार पती तिला सांभाळून घरी नेतो. जमलेल्या प्रतिष्ठितांनी जे पाहिलं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं!

आता दिव्याचं. नवरा मुद्दाम दिवे मंद करतो आणि "दिवे तर तसेच आहेत" म्हणतो, असं या शब्दाचं स्पष्टीकरण जिथे तिथे वाचायला मिळतं. ते बरोबर नाही. नवरा रोज संध्याकाळी बाहेर जातो असं भासवून आडवाटेने त्याच घराच्या माळ्यावर शिरतो. बायकोच्या खून झालेल्या मावशीचे दागिने त्याला तिथे शोधायचे असतात. अंधारात शोधणार कसा, म्हणून तो वरचा दिवा लावतो. घराला गॅस एकाच नळीतून येतो. वर एक दिवा पेटला की खालच्या दिव्यांचा दाब कमी होतो आणि त्यांच्या ज्योती खाली बसतात. म्हणजे मंद होणारी ज्योत हा त्याचा डाव नाहीच, ती त्याच्या नकळत राहिलेली खूण आहे. ज्योत बारीक होते हे बायकोला दिसतं, वर पावलं वाजतात तीही ऐकू येतात, पण एव्हाना आपल्याला जे दिसतं ते खरंच असतं यावर तिचा भरवसा उरलेला नसतो. मग एक पोलीस अधिकारी घरात येतो, तिच्या समोर बसलेला असताना ज्योत खाली जाते, आणि ती त्यालाही दिसते.

या प्रसंगात उपचार आहे. तिला कुणी सल्ला दिला नाही, आत्मविश्वास वाढवायचे धडे दिले नाहीत. दुसऱ्या एका माणसाला तेच दिसलं, एवढंच. एकटं पडलेलं माणूस आपल्या डोळ्यांना फार दिवस धरून राहू शकत नाही. आणि म्हणूनच गॅसलायटिंग करणाऱ्याची सुरुवात बहुधा माहेरच्या फोनपासून, जुन्या मैत्रिणींपासून होते. त्या एकेक करून ‘तुझे कान भरणाऱ्या’ ठरतात.

मानसशास्त्राने हा शब्द जेव्हा उचलला, तेव्हा मात्र त्याचा रोख वेगळाच होता आणि तो आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. १९६९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बार्टन आणि व्हाइटहेड या दोन इंग्लिश डॉक्टरांनी ‘गॅस-लाइट फेनॉमेनन’ या नावाने काही रुग्णांच्या हकीकती छापल्या. नको झालेल्या माणसाला मनोरुग्णालयात धाडायचं आणि मोकळं व्हायचं, असे बेत घरच्या किंवा निकटच्या लोकांनी रचल्याच्या त्या हकीकती होत्या. इथे फसवलं जाणारं माणूस कोण, ते बघा. रुग्णाला आपण वेडे आहोत असं पटलंच पाहिजे असं नाही. पटायला हवं ते डॉक्टरला. बळीचं मन दुसऱ्या क्रमांकावर, पहिल्या क्रमांकावर सही करणारा हात. नंतर १९८१ मध्ये कॅलेफ आणि वाइनशेल या अमेरिकी मनोविश्लेषकांनी याच शब्दाखाली आतली बाजू मांडली: दुसऱ्याने लादलेली गोष्ट माणूस आपलीच म्हणून पोटात कशी घेतो, त्यात दोघांच्याही मनात काय चालतं. त्यापुढे तो समुपदेशकांकडे गेला, तिथून पुस्तकांत, तिथून रील्समध्ये.

तेव्हा "मूळ शास्त्रीय अर्थ एक होता आणि लोकांनी तो बिघडवला" हे रडगाणं मी गाणार नाही. शास्त्रातसुद्धा तो अर्थ बदलत आलाय. मानसिक आजारांच्या ज्या अमेरिकी वर्गीकरणाकडे आपलेही डॉक्टर बघतात, त्या डीएसएममध्ये गॅसलायटिंग नावाचं निदान नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचा कोशही हा शब्द मुख्यतः बोलीतला मानतो, आणि पूर्वी तो वेड लागण्याइतक्या किंवा इस्पितळात टाकण्याइतक्या टोकाच्या प्रकारासाठी होता, आता व्यापक झालाय, असं नोंदवतो. कुणी डॉक्टर तुम्हाला ‘गॅसलायटिंग झालेलं आहे’ असा रिपोर्ट देणार नाही. तरीही १९३८ पासून आजवरच्या सगळ्या जबाबदार वापरांत एक धागा तुटलेला नाही: वार माहितीवर होत नाही, माणसाच्या साक्षीदार असण्यावर होतो. तिचं ऐकायचं नाही, आणि शक्यतो तिने स्वतःही स्वतःचं ऐकू नये.

लॅन्सेटमधली ती बाहेरची बाजू मला आपल्यासाठी आतल्या बाजूपेक्षा महत्त्वाची वाटते. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञाच्या ओपीडीत बाई क्वचितच एकटी जाते. सोबत नवरा, सासू, कधी दीर. डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" आणि उत्तर बहुतेकदा सोबतचं माणूस देतं. यात डॉक्टरची चूकही म्हणता येत नाही, कारण या शाखेत रक्ताच्या चाचणीने निदान होत नाही, घरच्यांनी सांगितलेला इतिहास हा तपासणीचाच भाग असतो. आता तिसऱ्या अजितची वैशाली त्या खुर्चीवर आहे असं समजा. ती रात्र-रात्र झोपलेली नाही. तिचे हात कापतात. मधेच वाक्य विसरते, प्रत्येक उत्तरापूर्वी नवऱ्याकडे बघते. डॉक्टरांना जे दिसतं त्यात खोटं काही नाही, लक्षणं शंभर टक्के खरी आहेत. फक्त त्यांचं कारण शेजारच्या खुर्चीवर फाइल घेऊन बसलंय. म्हणून जाणता डॉक्टर सोबतच्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगतो. तिथे वैशाली काय सांगते यापेक्षाही, नवरा बाहेर गेल्यावर तिचं बोलणं किती बदलतं, हे कळीचं असतं.

आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या कागदाचा उपयोग पुढे होतो. हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा मनोविकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. अशाच एका प्रकरणात, १९८८ साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसतं स्किझोफ्रेनियाचं लेबल पुरत नाही. आजाराची तीव्रता इतकी हवी की त्या जोडीदारासोबत राहण्याची अपेक्षा रास्तपणे करता येणार नाही. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने स्पष्ट केलं की मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणी ‘मनाने असमर्थ’ ठरत नाही, ते ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा. स्वतः होऊन दाखल न होणाऱ्या प्रौढ व्यक्तीला भरती करायचं तर दोन तज्ज्ञांनी, त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ, तिला स्वतंत्रपणे तपासायला हवं. ही कलमं वाचताना मला त्यांच्या मागे १९६९ मधले ते दोन डॉक्टर दिसतात. घरच्यांचा शब्द आणि एक सही, एवढ्यावर माणूस आत जाऊ नये, हीच चिंता.

पेज स्वीट या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ मध्ये हाच मुद्दा आणखी पुढे नेला. घरात मारहाण आणि छळ सोसलेल्या बायकांच्या मुलाखतींवरून त्या म्हणतात, की गॅसलायटिंग चालतं ते नवऱ्याच्या हुशारीवर नाही. बायका मुळातच भावनाप्रधान, अविवेकी असतात ही समजूत आधीपासून तयार असते, आणि पोलीस, न्यायालय, दवाखाना इथपर्यंत ती पसरलेली असते. नवरा ती फक्त वापरतो. हे पटण्यासाठी आपला नेहमीचा अनुभव पुरे. नवऱ्याने चौकीत जाऊन "साहेब, हिचं जरा डोक्याचं औषध चालू आहे" म्हटलं, तर तक्रार लिहिणाऱ्याचं पेन थबकतं. हेच वाक्य बायको नवऱ्याबद्दल म्हणाली, तर पेन तितकं थबकत नाही. पुरुषावर गॅसलायटिंग होऊच शकत नाही असं मी म्हणत नाही. म्हाताऱ्या वडिलांना ‘विसरभोळे झालेत’ ठरवून घराचे कागद करून घेणारी मुलंही असतात, आणि तिथे वयाबद्दलची तयार समजूत कामाला येते. कुठलीतरी अशी समजूत लागतेच.

इथे सैल वापराचा हिशेब मांडता येतो. मॅनेजरने मुदत नाकारली याला गॅसलायटिंग म्हटलं की मुदत लेखी घ्या, मेल पुढे करा, वरच्याकडे जा हे सोपे उपाय सोडून आपण त्याच्या मनोवृत्तीची चर्चा करत बसतो. डॉक्टरने तपासणी न करता "टेन्शन आहे, पाळीचं दुखणं सगळ्यांनाच असतं" म्हणून परत पाठवलं, तर ते वाईट आहे, कधी घातकही. पण बहुतेक वेळा तो निष्काळजीपणा असतो आणि त्याला निष्काळजीपणा म्हटलं तर दुसरं मत, सोनोग्राफी, तक्रार या वाटा समोर दिसतात. नेत्याच्या खोट्याला खोटं म्हटलं की ते खोडून काढता येतं. मतदाराला स्वतःच्या डोळ्यांबद्दल शंका आलेली नसते. समोर त्याच्यासारखेच लाखो साक्षीदार असतात.

घरात नुकसान याहून मोठं. पहिल्या अजितला, त्या विसराळू माणसाला, तुम्ही गॅसलायटर म्हटलंत की त्याच्यापुढे एकच पर्याय राहतो: तुमची आठवण निमूटपणे खरी मानणं. त्याने "मला वेगळं आठवतंय" म्हटलं तर तोच गुन्ह्याचा पुरावा. जरा थांबून बघा, हे काय झालं? मतभेद केला की तुझ्यातच खोट आहे, ही तर तिसऱ्या अजितची रीत. गॅसलायटिंगचा आरोप सैलपणे वापरणारं माणूस नकळत त्याच यंत्राचा दांडा फिरवत असतं.

आणि तिसरा अजित काही अडाणी नाही. त्याच्याही फोनवर रील्स येतात. वैशालीने जमवाजमव करून एकदा तोंड उघडलं की तो आधीच म्हणतो, "तूच मला गॅसलाइट करतेयस, तुझ्यापायी मला झोप लागत नाही." अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्राइड यांनी १९९७ मध्ये या चालीला नाव दिलं होतं. आधी नाकारायचं, मग आरोप करणारीवरच हल्ला चढवायचा, आणि शेवटी छळणारा कोण, छळली गेलेली कोण, यांची अदलाबदल करायची. शब्दाला धार असती तर "बरं, कधी, काय, कुणासमोर?" हे त्याला विचारता आलं असतं. पण तो शब्द आता कुणीही कुणावरही उगारावा असा झालाय. समुपदेशकासमोर दोघंही एकमेकांवर तोच आरोप करतात, आणि ज्याचा आवाज शांत त्याचा खरा वाटतो. शांत आवाज बहुधा कुणाचा असतो, ते सांगायला नको.

उलट बाजूही आहे, आणि ती मी हलकी मानत नाही. या शब्दाने कितीतरी बायकांना पहिल्यांदा कळलं की आपल्या घरात चाललंय ते आपल्या एकटीच्या डोक्यातलं नाही, त्याची पद्धत आहे, जगात इतरांच्या घरीही तसंच चालतं. मघाशी म्हटलेला तो दुसरा साक्षीदार, कधी कधी एक रीलसुद्धा होऊ शकतं. अर्थ आवळून धरा, असं म्हणणाऱ्यांनी (म्हणजे मीही) हे लक्षात ठेवायला हवं की फार कडक व्याख्या केली तर पहिली बाद होईल ती खरी बळीच. तिच्याकडे पुरावे नसतात, तारखा गोंधळलेल्या असतात, आणि ती स्वतःच म्हणते, "माझंच काही चुकत असेल." जिच्यावर प्रयोग भर रंगात आहे ती "तो मला गॅसलाइट करतोय" असं सहसा म्हणतच नाही, स्वतःवर शंका घेत असते. यावरून "जी म्हणते तिच्यावर होत नाही" असा उफराटा निष्कर्ष मात्र काढू नये. त्यातून बाहेर पडत असलेली बाईही तो शब्द वापरते, आणि तिला तो वापरू द्यावा. शब्द सापडणं ही सुरुवात म्हणून ठीक आहे. माझी तक्रार आहे ती शब्द सापडला की चौकशी थांबते, याबद्दल.

कारण पुढे, चौकीत, न्यायालयात, घरगुती छळाच्या तक्रारी घेणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याच्या टेबलावर, तो शब्द एकटा काही करत नाही. ब्रिटनने २०१५ मध्ये नात्यातलं ‘नियंत्रण आणि दबावाचं वर्तन’ हा गुन्हा केला आणि त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. त्या कायद्यालाही एखादी घटना पुरत नाही. वर्तन पुन्हा पुन्हा किंवा सतत घडल्याचं दाखवावं लागतं. आपल्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात गॅसलायटिंग हा शब्द नाही, पण शाब्दिक आणि भावनिक छळ हा हिंसाचाराचा एक प्रकार म्हणून स्पष्टपणे आहे. त्या कायद्याखाली घरगुती घटनेच्या अहवालाचा नमुना ठरलेला आहे. त्यात चारित्र्यावर शिंतोडे, हुंड्यावरून अपमान, मूल नाही म्हणून हिणवणं अशा नेहमीच्या प्रकारांची यादी आहे, आणि खाली ‘इतर कोणताही शाब्दिक किंवा भावनिक छळ’ असं म्हणून तपशील लिहायला जागा सोडलेली आहे. वैशालीची गोष्ट त्या जागेत बसते. तिथे ‘गॅसलायटिंग’ लिहिलं तर अधिकारी विचारणारच, म्हणजे नक्की काय झालं? तेव्हा लिहायचं ते असं: साताऱ्याला निघायच्या आदल्या रात्री पाटल्या कपाटात ठेवल्या, तेव्हा धाकटी जाऊ खोलीत होती. परत आल्यावर त्या नव्हत्या. चार दिवसांनी नवऱ्याने त्या पिठाच्या डब्यातून काढून सासूला दाखवल्या आणि मला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं ठरलं. अपॉइंटमेंट मात्र पाटल्या सापडण्याच्या दोन दिवस आधीच घेतलेली होती, दवाखान्याचा मेसेज सोबत जोडला आहे. कपाटाची दुसरी किल्ली नवऱ्याकडे असते.